पिव्होट टेबलमधून गायब होणारे महिने: शून्य विक्रीचा बारही चार्टवर कसा आणायचा?

गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये वर्षभराची विक्री लिहिली, पिव्होट टेबल बनवला, त्यावरून बार चार्ट काढला. चार्ट सुंदर दिसतो, पण नीट मोजलं तर बारा महिन्यांऐवजी सातच बार असतात. ज्या महिन्यात काहीच विकलं गेलं नाही, तो महिना पिव्होटने सरळ वगळलेला असतो. सप्टेंबरच्या बारला चिकटून नोव्हेंबरचा बार उभा असतो आणि मध्ये ऑक्टोबर होता हे कुठेच कळत नाही.

हा सॉफ्टवेअरमधला बग नाही. पिव्होट असं का वागतो, त्यामुळे हिशोब कुठे फसतो आणि रिकामा महिना किंवा रिकामा प्रकार चार्टवर परत कसा आणायचा, हे आज एका उदाहरणातून बघू.

## उदाहरण: महाळुंग्यातला छोटा स्टॉल

समजा, मुळशी तालुक्यातल्या महाळुंग्यात, बालेवाडी क्रीडानगरीच्या बाजूला, एका दुकानाच्या ओट्यावर कुणीतरी छोटा स्टॉल चालवतंय. माल चार प्रकारचा आहे: रेनकोट, दप्तर, स्वेटर आणि छत्री. प्रत्येक विक्री `Vikri` नावाच्या शीटमध्ये लिहिली जाते. A कॉलममध्ये तारीख, B मध्ये बिल नंबर, C मध्ये प्रकार, D मध्ये रक्कम. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या आर्थिक वर्षाचा पिव्होट काढला तर तो असा दिसेल:

| महिना | रेनकोट | दप्तर | स्वेटर | एकूण ₹ |
|---|---|---|---|---|
| जून | १८,००० | २२,००० | | ४०,००० |
| जुलै | १४,००० | ५,००० | | १९,००० |
| ऑगस्ट | ६,००० | १,००० | | ७,००० |
| सप्टेंबर | २,००० | | | २,००० |
| नोव्हेंबर | | | ९,००० | ९,००० |
| डिसेंबर | | | १६,००० | १६,००० |
| जानेवारी | | | ७,००० | ७,००० |
| एकूण | ४०,००० | २८,००० | ३२,००० | १,००,००० |

एकूण आकडा बरोबर आहे, एक लाख. पण दोन गोष्टी गायब आहेत. एप्रिल, मे, ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मार्च हे पाच महिने नाहीत. आणि छत्रीचा कॉलमच नाही, कारण वर्षभरात एकही छत्री विकली गेली नाही.

आता जागेचा मालक म्हणतो, पुढच्या वर्षापासून महिन्याला २,००० रुपये भाडं द्या. परवडेल का? पिव्होटकडे बघून कुणीही महिन्यांच्या कॉलमची सरासरी काढेल. एक लाख भागिले सात, म्हणजे महिन्याला साधारण १४,२८६ रुपये विक्री. विक्रीवर २० टक्के नफा धरला तर २,८५७ रुपये. भाडं देऊनही पैसे उरतात, करून टाका!

पण भाडं सात महिन्यांचं नाही, बारा महिन्यांचं द्यायचंय. एक लाख भागिले बारा केलं तर सरासरी ८,३३३ रुपये येते आणि नफा १,६६७. म्हणजे वर्षाचा नफा २०,०००, वर्षाचं भाडं २४,०००, आणि ४,००० रुपये खिशातून. एकही आकडा चुकीचा लिहिलेला नव्हता. फक्त पाच रिकाम्या ओळी दिसल्या नाहीत आणि निर्णय उलटा झाला असता.

छत्रीचंही तसंच. १५० रुपयांना एक या भावाने ३० छत्र्या आणल्या असतील, तर ४,५०० रुपये गोणीत अडकून पडलेत. विक्रीच्या चार्टमध्ये छत्रीचा बारच नसल्यामुळे ते लक्षातही येणार नाही. सगळ्यात वाईट विकला गेलेला माल चार्टवर सगळ्यात खाली दिसायला हवा. इथे तो दिसतच नाही.

## पिव्होट महिना का वगळतो?

पिव्होट टेबलकडे कॅलेंडर नसतं. तो तुमच्या शीटच्या ओळी वाचतो, त्यात जे महिने आणि जे प्रकार सापडतील त्यांचे गठ्ठे करतो आणि प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज देतो. ऑक्टोबरची एकही ओळ नसेल तर ऑक्टोबरचा गठ्ठाच बनत नाही. गठ्ठा नाही तर बेरीज नाही, बेरीज नाही तर बारही नाही.

मुळात गोची आपल्या नोंद ठेवण्याच्या पद्धतीत आहे. विक्रीच्या वहीत आपण झालेली विक्री लिहितो. 'आज काही विकलं नाही' अशी ओळ कुणी लिहीत नाही. त्यामुळे शून्य ही माहिती त्या शीटमध्ये नसतेच, आणि पिव्होट ती कुठून आणणार? डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हेच `GROUP BY` मध्ये भेटतं. तिथेही उपाय एकच असतो: महिन्यांची पूर्ण यादी वेगळी ठेवायची आणि विक्री तिला जोडायची.

एक खरं उदाहरण घ्या. लॉकडाऊनमुळे एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने देशातल्या बाजारात एकही गाडी विकली नाही. कंपनीने तसं १ मे २०२० ला जाहीरही केलं. त्या महिन्यात निर्यात मात्र झाली होती, ६३२ गाड्यांची. आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोचंही तसंच होतं: एप्रिल २०२० ची देशांतर्गत विक्री शून्य, निर्यात चालू.

आता असा डेटा पिव्होटमध्ये टाकला आहे अशी कल्पना करा, देशांतर्गत आणि निर्यात दोन्ही ओळींसकट. एप्रिल २०२० दिसेल, कारण निर्यातीची ओळ आहे. मग तुम्ही 'फक्त देशांतर्गत' असा फिल्टर लावता आणि एप्रिल गायब! मार्चला लागून मे येतो. ज्या महिन्याने सगळी बाजारपेठ हलवली, नेमका तोच महिना चार्टवर उरत नाही.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा फरक आहे. मारुतीच्या शीटमध्ये एप्रिल ही गोष्ट पिव्होटला माहीत आहे, फक्त फिल्टरमुळे लपली आहे. आपल्या स्टॉलच्या शीटमध्ये छत्री ही गोष्ट पिव्होटला माहीतच नाही. पहिल्यासाठी एक टिकमार्क पुरतो. दुसऱ्यासाठी यादी आपल्यालाच द्यावी लागते. कुठला उपाय कधी चालेल, हे या एका फरकावर ठरतं.

## उपाय १: एक्सेलमधला टिकमार्क

हे काम लॅपटॉपवर करा. फोनच्या अॅपमध्ये पिव्होटची सगळी सेटिंग्ज मिळत नाहीत.

आधी पिव्होटमधल्या कुठल्याही तारखेवर राइट क्लिक करून `Group` निवडा आणि फक्त `Months` घ्या. इथे 'ग्रुप करता येत नाही' असा मेसेज आला, तर तुमच्या तारखांमध्ये कुठेतरी टेक्स्ट घुसलंय असं समजा. त्याबद्दल पुढे बोलू.

मग महिन्याच्या नावावर राइट क्लिक, `Field Settings`, त्यातला `Layout & Print` हा टॅब, आणि तिथे `Show items with no data` वर टिक करा. बारा महिने हजर! कारण तारखा महिन्यांत ग्रुप केल्या की एक्सेलला बारा महिने आपोआप माहीत असतात. त्यासाठी शीटमध्ये त्या महिन्याची ओळ असावी लागत नाही.

सोबत दोन विचित्र ओळीही येतील, एक `<` या चिन्हाने सुरू होणारी आणि एक `>` ने. तुमच्या पहिल्या तारखेच्या आधीचं आणि शेवटच्या तारखेनंतरचं सगळं ठेवण्यासाठी एक्सेलने बनवलेले ते दोन कप्पे आहेत. महिन्याच्या फिल्टरमध्ये जाऊन त्यांची टिक काढा.

शेवटी पिव्होटवर राइट क्लिक, `PivotTable Options`, `Layout & Format`, आणि `For empty cells show` समोर 0 लिहा. कोऱ्या चौकटीत शून्य दिसायला लागेल. एक सावधगिरी मात्र ठेवा. `AVERAGE` हे फंक्शन कोऱ्या चौकटी मोजत नाही, त्यामुळे पिव्होटवरून सरासरी काढताना एकूण रक्कम सरळ १२ ने भागलेली बरी.

क्रमाचा एक प्रश्न राहतो. एक्सेल जानेवारीपासून सुरुवात करतो आणि आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून. जानेवारीवर राइट क्लिक करून `Move` मधून तो शेवटी पाठवा, मग फेब्रुवारी, मग मार्च.

`Years` सुद्धा ग्रुप केलं असतं तर काय झालं असतं? २०२४ खाली बारा आणि २०२५ खाली बारा, असे चोवीस महिने आले असते. त्यात जानेवारी ते मार्च २०२४ हे आपल्या आर्थिक वर्षाच्या आधीचे महिने आणि एप्रिल २०२५ नंतरचे महिनेही शून्य म्हणून दिसले असते. ते फिल्टरने काढायला गेलं तर दुसऱ्या वर्षातला हवा असलेला जानेवारीही जातो. म्हणून एकाच आर्थिक वर्षाचा डेटा असेल तर फक्त `Months`, आणि दोन-तीन वर्षांचा असेल तर खालचा दुसरा उपाय.

### छत्री मात्र अजून आलेली नाही

प्रकाराच्या नावावरही हाच टिकमार्क लावता येतो. पण `Show items with no data` चा अर्थ 'या फील्डमध्ये कुठेतरी असलेलं, पण इथे डेटा नसलेलं सगळं दाखव' असा आहे. छत्री कुठेच नाही, म्हणून ती येणार नाही.

यासाठी लोक एक जुगाड करतात: `Vikri` शीटमध्ये वर्षातली कुठलीही तारीख, प्रकार छत्री, रक्कम ० अशी एक ओळ टाकायची आणि पिव्होट रिफ्रेश करायचा. छत्रीचा कॉलम येतो आणि बेरीज बदलत नाही. पण तुम्ही त्याच पिव्होटमध्ये बिलांची संख्या मोजत असाल, म्हणजे `Count`, तर तिथे एक खोटं बिल वाढतं. आणि बिलामागे सरासरी रक्कम काढत असाल, तर ती या शून्याच्या ओळीमुळे खाली येते. `Sum` साठी चालेल, `Count` आणि `Average` साठी नाही.

टिकमार्क लावल्यावर कधीकधी उलटही होतं. शीटमध्ये तुम्ही 'रेणकोट' असं चुकून लिहिलेलं सुधारून 'रेनकोट' केलं, तरी पिव्होटमध्ये 'रेणकोट' चा रिकामा कॉलम भुतासारखा उभा राहतो. पिव्होटने जुनी नावं लक्षात ठेवलेली असतात. `PivotTable Options` मध्ये `Data` टॅबवर `Number of items to retain per field` हे `None` करा आणि रिफ्रेश करा, की भूत जाईल.

## उपाय २: यादी आपली, बेरीज फॉर्म्युल्याची

गूगल शीट्सच्या पिव्होटमध्ये एक्सेलसारखा हा टिकमार्क नाही. तिथे तारखेवर राइट क्लिक करून महिन्यांचे गट करता येतात, पण रिकामे महिने वगळलेच जातात. म्हणून शीट्समध्ये सरळ रस्ता हा: पिव्होट बाजूला ठेवायचा आणि बारा महिने व चार प्रकारांचा तक्ता स्वतः मांडायचा. हा उपाय एक्सेलमध्येही जसाच्या तसा चालतो, आणि फॉर्म्युले फोनवरूनही टाकता येतात.

एक नवीन शीट घ्या. A2 मध्ये वर्षाचा पहिला दिवस, आणि A3 मध्ये त्याच्या पुढचा महिना:

```
A2:  =DATE(2024,4,1)
A3:  =EDATE(A2,1)
```

A3 खाली A13 पर्यंत ओढा. १ एप्रिल २०२४ पासून १ मार्च २०२५ पर्यंत बारा तारखा तयार होतील. त्यांना 'महिना-वर्ष' असं दिसणारं फॉरमॅट द्या, म्हणजे दिवस दिसणार नाही. आतमध्ये मात्र त्या खऱ्या तारखाच राहतील, आणि फॉर्म्युल्याला तेच हवंय.

पहिल्या ओळीत B1 पासून E1 पर्यंत प्रकारांची नावं लिहा: रेनकोट, दप्तर, स्वेटर, छत्री. मग B2 मध्ये:

```
=SUMIFS(Vikri!$D:$D, Vikri!$C:$C, B$1,
  Vikri!$A:$A, ">="&$A2,
  Vikri!$A:$A, "<"&EDATE($A2,1))
```

हा फॉर्म्युला उजवीकडे E पर्यंत आणि खाली १३ व्या ओळीपर्यंत ओढला की झालं. तो काय म्हणतो ते साध्या भाषेत: `Vikri` मधल्या रकमांची बेरीज कर, पण प्रकार माझ्या वरच्या नावाशी जुळला पाहिजे, आणि तारीख या महिन्याच्या १ तारखेला किंवा नंतरची, पण पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधीची पाहिजे. काहीच जुळलं नाही तर `SUMIFS` कोरी चौकट देत नाही, 0 देतो. पिव्होट गठ्ठे शोधत बसतो. हा फॉर्म्युला प्रत्येक चौकटीसाठी जाऊन विचारतो, म्हणून उत्तर प्रत्येक चौकटीला मिळतं.

डॉलरची चिन्हं जागच्या जागी ठेवा. `B$1` मुळे खाली ओढताना नाव पहिल्याच ओळीतून घेतलं जातं आणि `$A2` मुळे उजवीकडे ओढताना महिना A कॉलममधूनच येतो. एक डॉलर सुटला तर आकडे येतील, पण भलत्याच महिन्याचे.

शेवटच्या अटीत 'पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या आधी' असं का, 'या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत' असं का नाही? कारण गूगल फॉर्मवरून नोंद होत असेल तर तारखेसोबत वेळही साठते. ३० जूनला रात्री सव्वानऊची विक्री शीटच्या नजरेत '३० जून' पेक्षा मोठी असते. '३० जूनपर्यंत' अशी अट लावली तर शेवटच्या दिवसाची सगळी विक्री तक्त्याबाहेर राहील.

आता F कॉलममध्ये महिन्याची बेरीज घ्या आणि १४ व्या ओळीत प्रकाराची. ऑक्टोबरसमोर ठसठशीत ० दिसेल, छत्रीखाली बारा वेळा ०. `=AVERAGE(F2:F13)` केलं की ८,३३३ येईल, कारण इथली शून्यं खरे आकडे आहेत, कोऱ्या चौकटी नाहीत.

### चार्ट काढताना

A1 पासून E13 पर्यंत सिलेक्ट करून कॉलम चार्ट टाका. एकूण बेरजेची १४ वी ओळ घेऊ नका, नाहीतर वर्षाच्या बेरजेचे, ४०,००० पर्यंत जाणारे उंच बारही येतील आणि बाकी सगळे त्यांच्यापुढे मुंग्या वाटतील.

शून्याच्या बारला उंची नसते, त्यामुळे 'रिकामा बार' म्हणजे खाली महिन्याचं नाव आणि वर मोकळी जागा. आपल्याला हीच मोकळी जागा हवी होती. सप्टेंबर आणि नोव्हेंबरच्या मधली फट डोळ्यांना दिसते, आणि पावसाळ्याचा धंदा व थंडीचा धंदा वेगळे आहेत हे न सांगता कळतं. गूगल शीट्सच्या चार्टमध्ये खालची नावं एकाआड एक दिसत असतील तर `Customize` मधल्या `Horizontal axis` मध्ये `Treat labels as text` वर टिक करून बघा.

## प्रकारांची यादी आणायची कुठून?

इथे बरेच जण हुशारी करायला जातात. B1 ते E1 हाताने कशाला लिहायचं, `UNIQUE` लावू आणि `Vikri` शीटमधूनच नावं आणू! पण मग आपण फिरून तिथेच येतो. विक्रीच्या शीटमध्ये छत्री नाही, तर `UNIQUE` लाही ती सापडणार नाही.

यादी अशा ठिकाणाहून आली पाहिजे जिथे न विकलेल्या मालाचीही नोंद होते. दुकानासाठी ती जागा म्हणजे खरेदीची वही किंवा स्टॉकची शीट. मंडळाच्या वर्गणीसाठी सभासदांची यादी, क्लाससाठी पटावरच्या मुलांची यादी. `Maal` नावाची एक शीट ठेवा, त्यात आणलेल्या प्रत्येक प्रकाराचं नाव आणि नग लिहा, आणि तक्त्याची नावं तिथून घ्या. छत्रीचे ३० नग आणले आणि विक्री शून्य, हे दोन आकडे शेजारी आले की पुढचा माल भरताना काय करायचं ते उघड आहे.

## खोट्या शून्यापासून सावध

पिव्होट महिना वगळतो तेव्हा निदान शंका तरी येते. फॉर्म्युला मात्र कुठलीही शंका न ठेवता ० लिहितो. ते शून्य दोन प्रकारे खोटं असू शकतं.

पहिला प्रकार म्हणजे विक्री झालेली असते, पण फॉर्म्युल्याला ती सापडत नाही. नेहमीचं कारण म्हणजे टेक्स्ट झालेल्या तारखा. गूगल शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर ती महिना आधी आणि दिवस नंतर असं वाचते. मग `25/06/2024` ही तारीख तिला कळत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो, आणि ती चौकट टेक्स्ट म्हणून राहते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे. दुसरं कारण नावातला फरक. 'रेनकोट' च्या शेवटी एक स्पेस असली तरी ते वेगळं नाव धरलं जातं.

हे दोन्ही एका ओळीच्या तपासणीत पकडले जातात. तक्त्याची एकूण बेरीज आणि मूळ शीटची बेरीज यांचा फरक काढा:

```
=SUM(Vikri!D:D)-SUM(B2:E13)
```

उत्तर ० आलं पाहिजे. ३,५०० आलं तर तेवढी विक्री कुठल्याच चौकटीत बसलेली नाही. `Vikri` मध्ये तेवढ्या रकमेच्या ओळी शोधा. अर्थात, त्या शीटमध्ये याच एका वर्षाचा डेटा आहे असं इथे धरलंय.

एक चूक मात्र या तपासणीतून निसटते. अमेरिकन लोकेलमध्ये `12/06/2024` ही तारीख वाचता येते, फक्त ती १२ जूनऐवजी ६ डिसेंबर होते. बेरीज जुळते, महिना चुकतो. इथे व्यवहारज्ञान लागतं: डिसेंबरमध्ये रेनकोट विकलेले दिसले तर तारखा उलट्या वाचल्या गेल्यात का ते बघा. शीट सुरू करतानाच `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` हे `India` करा. नंतर बदललं तर आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा आपोआप दुरुस्त होत नाहीत, त्या पुन्हा टाकाव्या लागतात.

दुसऱ्या प्रकारचं खोटं शून्य जास्त फसवं आहे. शून्य म्हणजे 'स्टॉल होता, माल होता, गिऱ्हाईक आलं नाही'. पण स्टॉल जूनमध्ये सुरू झाला असेल तर एप्रिल आणि मे शून्य नाहीत, ते महिने हिशोबातच नाहीत. तुम्ही डिसेंबरमध्ये रिपोर्ट काढत असाल तर जानेवारी ते मार्चही शून्य नाहीत, ते अजून यायचेत. आणि ऑक्टोबरची वही हरवली असेल तर ऑक्टोबर शून्य नाही, तो माहीत नाही. या तिन्ही ठिकाणी ० लिहिलं तर सरासरी उगाच खाली येते आणि चालणारा धंदाही तोट्यात दिसतो.

म्हणून महिन्यांची यादी स्टॉल सुरू झाला त्या महिन्यापासून, पूर्ण झालेल्या शेवटच्या महिन्यापर्यंतच ठेवा. नोंद हरवलेल्या महिन्याची ओळ तक्त्यात असू द्या, पण तिथले B पासून F पर्यंतचे सगळे फॉर्म्युले काढून चौकटी कोऱ्या सोडा. `AVERAGE` तो महिना मोजणार नाही, आणि या वेळी तेच बरोबर आहे. चार्टवर कोरी चौकट आणि शून्य सारखेच दिसतात, त्यामुळे त्या महिन्याच्या शेजारी 'नोंद नाही' एवढे दोन शब्द लिहून ठेवा.